हप्त्याने घेतलेल्या युनिटची खरी सरासरी

ठरावीक रक्कम, ठरावीक दिवशी, बाजार वर असो वा खाली, एकाच गुंतवणुकीत घालत राहणे या पद्धतीला अमेरिकेत ‘डॉलर कॉस्ट ॲव्हरेजिंग’ म्हणतात. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या पुस्तकात सामान्य गुंतवणूकदाराला ती सुचवली होती. भारतात तिला ‘रुपी कॉस्ट ॲव्हरेजिंग’ म्हणतात आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी हे तिचे घरोघरी पोहोचलेले रूप आहे. दर महिन्याला बँक खात्यातून हप्ता वळता होतो, त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या किमतीने, त्या रकमेला भागले जाते आणि येतील तितकी युनिट खात्यात जमा होतात.

या पद्धतीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. हप्त्याने घेणाऱ्याला पडणारी युनिटची सरासरी किंमत ही त्या काळातल्या किमतींच्या सरासरीपेक्षा कमी असते. हे विधान खरे आहे. त्यामागे बाजाराची कृपा नाही आणि फंड व्यवस्थापकाचे कौशल्यही नाही, ते निव्वळ अंकगणित आहे. पण त्यावरून फायद्याची हमी काढली, तर हिशेब चुकतो. म्हणून हे विधान कुठून येते आणि कुठे संपते, ते क्रमाने पाहायला हवे.

तीन महिन्यांचा हिशेब

समजा, एसआयपीचा हप्ता ६,००० रुपयांचा आहे आणि तीन महिन्यांत युनिटची किंमत अनुक्रमे ६०, ४० आणि ३० रुपये आहे. पहिल्या महिन्यात १०० युनिट येतील, दुसऱ्या महिन्यात १५० आणि तिसऱ्या महिन्यात २००. एकूण १८,००० रुपयांत ४५० युनिट आली. १८,००० ला ४५० ने भागले की एका युनिटची खरेदी किंमत ४० रुपये पडते.

आता नुसत्या किमतींची साधी सरासरी काढू. ६०, ४० आणि ३० यांची बेरीज १३०, भागिले तीन, म्हणजे सुमारे ४३.३३ रुपये. प्रत्यक्षात मात्र युनिट ४० रुपयांनाच पडले. फरक ३ रुपये ३३ पैशांचा.

हा फरक समजायला दुसरा एक खरेदीदार डोळ्यांसमोर आणावा. तो रक्कम ठरवत नाही, युनिटची संख्या ठरवतो आणि दर महिन्याला १५० युनिट घेतो. त्याला पहिल्या महिन्यात ९,००० रुपये लागतील, दुसऱ्या महिन्यात ६,००० आणि तिसऱ्या महिन्यात ४,५००. त्याचीही ४५० युनिट झाली, पण खर्च १९,५०० रुपये झाला. त्याला युनिट ४३.३३ रुपयांना पडले, म्हणजे बरोबर साध्या सरासरीला.

साध्या सरासरीत प्रत्येक किमतीला सारखा मान असतो. युनिटची संख्या ठरवणाऱ्याच्या खरेदीत खरोखरच तसे घडते, कारण महागातली आणि स्वस्तातली युनिट त्याच्याकडे सारखीच असतात. रक्कम ठरवणाऱ्याकडे ६० रुपयांची १०० युनिट असतात आणि ३० रुपयांची २००. स्वस्त किमतीची युनिट त्याच्या पिशवीत दुप्पट आहेत, त्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते. यात कोणी बाजाराचा अंदाज बांधलेला नाही. ठरलेल्या रकमेला किमतीने भागले की किंमत निम्मी होताच युनिट आपोआप दुप्पट येतात.

हरात्मक मध्य कुठून येतो

या झुकलेल्या सरासरीला गणितात हरात्मक मध्य म्हणतात. तो काढायची रीत अशी:

हरात्मक मध्य = किमतींची संख्या ÷ किमतींच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज

एखाद्या संख्येचा गुणाकार व्यस्त म्हणजे १ भागिले ती संख्या. वरच्या उदाहरणात व्यस्त आहेत १/६०, १/४० आणि १/३०. छेद १२० करून घेतले तर ते २/१२०, ३/१२० आणि ४/१२० होतात आणि त्यांची बेरीज ९/१२० येते. ३ ला ९/१२० ने भागले की उत्तर ४० येते, जे आपण युनिट मोजून आधीच काढले होते.

हे उत्तर याच आकड्यांपुरते जुळलेले नाही. १/६० या संख्येचा बाजारातला अर्थ पाहिला की कारण उघड होते. किंमत ६० रुपये असेल तर एका रुपयात येणारे युनिट म्हणजे १/६०. व्यस्तांची बेरीज म्हणजे दर महिन्याला एकेक रुपया घातला असता तर एकूण किती युनिट आली असती, ती संख्या. तीन महिन्यांत तीन रुपये गेले, त्यांना या युनिटच्या संख्येने भागले की एका युनिटची किंमत मिळते. हीच हरात्मक मध्याची व्याख्या आहे. हप्ता एक रुपयाऐवजी ६,००० चा असेल तर खर्चही ६,००० पट होतो आणि युनिटही ६,००० पट होतात, भागाकार तोच राहतो. म्हणूनच या सूत्रात हप्त्याच्या रकमेला जागा नाही. त्याच दिवशी हप्ता भरणाऱ्या ५०० रुपयांच्या आणि ५०,००० रुपयांच्या एसआयपीला युनिटची सरासरी किंमत सारखीच पडते.

हाच मध्य घाटातल्या प्रवासातही भेटतो. घाट चढताना गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली आणि तोच घाट उतरताना ताशी ६० ने आली, तर सरासरी वेग ४५ नव्हे, ४० येतो, कारण अंतर सारखे असले तरी चढायला वेळ दुप्पट लागतो. तिथे प्रत्येक फेरीचे अंतर ठरलेले असते आणि इथे प्रत्येक हप्त्याची रक्कम.

तो साध्या सरासरीपेक्षा कमीच का

दोनच किमती घेतल्या तर याची सिद्धता शाळेतल्या बीजगणितात बसते. पहिली किंमत क आणि दुसरी ख मानू. साधी सरासरी (क + ख) ÷ २ आणि हरात्मक मध्य २कख ÷ (क + ख). पहिल्यातून दुसरा वजा करून सोपे रूप दिले की उरते:

फरक = (क − ख)² ÷ २(क + ख)

वर वर्ग आहे आणि वर्ग कधीच ऋण नसतो. खाली धन किमतींची बेरीज आहे. त्यामुळे फरक शून्य तरी असेल किंवा शून्याहून मोठा. तो शून्य होण्याची एकच अट म्हणजे दोन्ही किमती सारख्या असणे. किमती कितीही असल्या तरी नियम हाच राहतो: सगळ्या समान असतील तर दोन्ही मध्य एक, नाहीतर हरात्मक मध्य लहान.

हे सूत्र फरक किती पडेल तेही सांगते. ६० आणि ४० या किमतींची साधी सरासरी ५०, हरात्मक मध्य ४८ आणि फरक २. आता ८० आणि २० घेऊ. साधी सरासरी पुन्हा ५०, पण हरात्मक मध्य ३२ आणि फरक १८. किमतींमधले अंतर २० वरून ६० झाले, म्हणजे तिप्पट, आणि फरक नऊपट झाला. चढउतार थोडे असतील तर हा लाभ नगण्य असतो आणि ते मोठे झाले की तो झपाट्याने वाढतो. लिक्विड फंडासारख्या, जवळजवळ सरळ रेषेत चालणाऱ्या योजनेत हप्त्यांमुळे सरासरी किमतीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, त्याचे कारण हेच.

२००८ आणि २००९: एकच गणित, दोन निकाल

आता बाजारातले खरे आकडे घेऊ. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ची पातळी पार केली आणि मग तो कोसळत गेला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि घसरण आणखी तीव्र झाली. त्या वर्षातल्या सेन्सेक्सच्या महिनाअखेरच्या पातळ्या, शंभराच्या पटीत, जानेवारीपासून अशा होत्या: १७,६००, १७,६००, १५,६००, १७,३००, १६,४००, १३,५००, १४,४००, १४,६००, १२,९००, ९,८००, ९,१०० आणि ९,६००.

सोयीसाठी निर्देशांकाची पातळी हीच युनिटची किंमत मानू आणि लाभांश व खर्च बाजूला ठेवू. कोणी प्रत्येक महिनाअखेरीस १०,००० रुपये घातले असते तर जानेवारीत त्याला ०.५७ युनिट मिळाले असते आणि नोव्हेंबरमध्ये १.१०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वर्षभरात १,२०,००० रुपयांत सुमारे ९.०२ युनिट आली असती. बारा पातळ्यांची साधी सरासरी १४,०३३ येते, तर त्याला युनिट पडले १३,३०२ ला. फरक ७३१ चा, साधारण पाच टक्क्यांचा. इतकी घसरण झाल्यामुळेच तो एवढा मोठा दिसतो.

पण ३१ डिसेंबरला त्याच्या हातात काय होते? पातळी ९,६००, म्हणून ९.०२ युनिटची किंमत सुमारे ८६,६०० रुपये. सरासरीपेक्षा पाच टक्के स्वस्तात घेऊनही तो २८ टक्के तोट्यात होता. बाजारातल्या सरासरी किमतीपेक्षा कमी दराने घेणे आणि नफ्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नफा ठरतो विक्रीच्या दिवशीच्या किमतीवर आणि ती किंमत हरात्मक मध्याच्याही खाली असू शकते. त्यातही जानेवारीअखेर सगळे १,२०,००० एकदम घालणाऱ्यापेक्षा तो बराच सुस्थितीत होता, कारण त्या माणसाचे सुमारे ६५,५०० रुपयेच उरले असते.

पुढचे वर्ष जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखे होते. २००९ च्या महिनाअखेरच्या पातळ्या: ९,४००, ८,९००, ९,७००, ११,४००, १४,६००, १४,५००, १५,७००, १५,७००, १७,१००, १५,९००, १६,९०० आणि १७,५००. मे महिन्यात लोकसभा निवडणुकीचे निकाल लागल्यावर बाजाराने मोठी उसळी घेतली, ती या आकड्यांत दिसते. साधी सरासरी १३,९४२ आणि हरात्मक मध्य १३,१५७, म्हणजे फरक ७८५. आदल्या वर्षीपेक्षा फारसा वेगळा नाही. वर्षअखेर हप्त्याने घेणाऱ्याचे १,२०,००० चे सुमारे १,५९,६०० झाले असते. पण जानेवारीअखेर ९,४०० च्या पातळीला सगळे पैसे एकदम घालणाऱ्याचे २,२३,००० च्या वर गेले असते.

दोन्ही वर्षांत हरात्मक मध्याने दिलेली सवलत जवळपास सारखी होती. एका वर्षी हप्तेवाला एकरकमीवाल्यापेक्षा पुढे राहिला आणि दुसऱ्या वर्षी मागे पडला. कारण हरात्मक मध्य किमतींचा क्रम पाहतच नाही. त्याच बारा किमती उलट्या क्रमाने आल्या तरी उत्तर बदलत नाही. हप्ता की एकरकमी याचा निकाल मात्र क्रमावरच लागतो: बाजार पहिल्या दिवसाच्या किमतीखाली बराच काळ राहिला तर हप्ते सरस ठरतात, चढत गेला तर एकरकमी. पहिल्या दिवसाची किंमत हरात्मक मध्यापेक्षा जास्त होती की कमी, एवढीच ही तुलना आहे, आणि त्या पहिल्या दिवशी पुढच्या किमती कोणालाच माहीत नसतात.

जॉर्ज कॉन्स्टँटिनाइडिस यांनी १९७९ साली एका शोधनिबंधात हीच पद्धत तपासली आणि हाती रक्कम असताना ती आधीच ठरवलेल्या हप्त्यांनी गुंतवण्याचा नियम सर्वोत्तम ठरत नाही, असे दाखवून दिले. ज्याच्याकडे रक्कम तयार आहे, तो हप्ते पाडतो तेव्हा तो काही काळ कमी जोखीम घेत असतो आणि त्या बदल्यात बाजार वाढला तर होणारा लाभ सोडत असतो. पगारदाराचे तसे नाही. त्याचा पैसाच महिन्याला येतो, त्यामुळे त्याच्यापुढे हा पर्यायच नसतो.

सूत्र कुठे बदलते

सरासरी किंमत आणि हरात्मक मध्य यांची बरोबरी एका अटीवर उभी आहे: प्रत्येक हप्ता सारखा हवा. दर वर्षी हप्ता वाढवण्याची सोय, म्हणजे स्टेप-अप एसआयपी, घेतली की अट मोडते. समजा, किंमत ३० असताना ६,००० रुपये घातले आणि किंमत ६० झाली तेव्हा हप्ता १२,००० केला. दोन्ही वेळा २००-२०० युनिट आली आणि १८,००० रुपयांत ४०० युनिट झाली. सरासरी किंमत ४५, म्हणजे बरोबर साधी सरासरी. नेहमीचा हरात्मक मध्य ४० आला असता. दुसरा हप्ता २४,००० चा असता तर ३०,००० रुपयांत ६०० युनिट आली असती आणि सरासरी ५० पडली असती, साध्या सरासरीपेक्षाही जास्त. अशा वेळी प्रत्येक किमतीला तिच्या हप्त्याच्या रकमेइतके वजन देऊन भारित हरात्मक मध्य काढावा लागतो. करायचे तेच असते: एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. हप्ता वाढवणे यामुळे चुकीचे ठरत नाही. फक्त ‘सरासरीपेक्षा स्वस्त’ हे वाक्य तिथे आपोआप लागू होत नाही.

खात्यात पैसे नसल्यामुळे एखादा हप्ता परत गेला, तर त्या महिन्याची किंमत हिशेबातून वगळावी लागते. घसरणीत घाबरून एसआयपी थांबवली जाते तेव्हाही हेच घडते. २००८ मधल्या त्या गुंतवणूकदाराने शेवटचे तीन हप्ते भरले नसते, तर सर्वांत जास्त युनिट देणारे तीन महिनेच गेले असते आणि उरलेल्या नऊ पातळ्यांचा हरात्मक मध्य १५,३५० च्या आसपास आला असता.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणजे ५,००० च्या हप्त्यावर सुमारे २५ पैसे. युनिटही ठरावीक दशांश स्थळांपर्यंतच दिली जातात. खातेउताऱ्यावरची सरासरी किंमत पडताळताना पैशा-दोन पैशांचा फरक आला तर तो बहुधा इथलाच असतो. तो त्याहून मोठा असेल, तर एखादा हप्ता चुकला आहे का, की रक्कम मध्येच बदलली आहे, ते उताऱ्यात पाहावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युनिट विकताना भांडवली नफा या सरासरी किमतीवरून मोजत नाहीत. आधी घेतलेली युनिट आधी विकली गेली असे धरून प्रत्येक युनिटची स्वतःची खरेदी किंमत घेतली जाते.

उलट्या दिशेने

निवृत्तीनंतर अनेक जण फंडातून दर महिन्याला ठरावीक रक्कम काढतात. या सोयीला एसडब्ल्यूपी म्हणतात. गणित तेच असते, पण गुंतवणूकदार आता दुसऱ्या बाजूला उभा असतो. किंमत ६०, ४० आणि ३० असताना दर महिन्याला ६,००० रुपये काढले, तर अनुक्रमे १००, १५० आणि २०० युनिट विकली जातात. ४५० युनिट विकून १८,००० रुपये हाती आले, म्हणजे विक्रीची सरासरी किंमत ४०. तीच ४५० युनिट दर महिन्याला १५० याप्रमाणे विकली असती तर १९,५०० रुपये मिळाले असते.

खरेदीत स्वस्त महिन्यांना मिळणारे जास्तीचे वजन विक्रीत नुकसान करते, कारण बाजार पडलेला असताना सर्वांत जास्त युनिट विकली जातात. चढउतार जितके मोठे, तितकी ही गळती जास्त, आणि ती त्याच वर्गाच्या सूत्राने वाढते. म्हणून ठरावीक मासिक रक्कम काढायची असेल तर ती कमी चढउताराच्या योजनेतून काढणे सोयीचे पडते. तिथे हरात्मक मध्य आणि साधी सरासरी जवळजवळ एकच असतात. शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडातूनच रक्कम काढायची असेल, तर घसरणीच्या महिन्यांत कमी काढण्याची मुभा स्वतःकडे ठेवली की विकल्या जाणाऱ्या युनिटची संख्या आटोक्यात राहते.